आधी घडलेलं नंतर सांगताना

पोरी, तू पाठवलेली फ्रेंच गोष्ट दोनदा वाचली. शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत, वाक्यंही सुटसुटीत आहेत. तू अडतेस ती एकाच जागी. गोष्ट भूतकाळात चाललेली असते आणि मध्येच त्याच्याही आधी घडलेलं सांगायची वेळ येते, तिथे. फ्रेंचमध्ये त्यासाठी जो काळ आहे त्याला प्ल्यु-क-पार्फे म्हणतात. आपल्या शाळेच्या व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे भूतकाळाचे चार प्रकार शिकवतात. त्यातला पूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘गेला होता’, ‘केलं होतं’, हा त्याच्या सगळ्यात जवळचा. तो जवळचा असल्यामुळेच घोटाळा होतो. मनात मराठी वाक्य येतं, त्यात ‘होता’ दिसतो आणि तू डोळे मिटून प्ल्यु-क-पार्फे लिहून मोकळी होतेस. बरेचदा ते बरोबर येतं. जिथे येत नाही तिथलं सांगते.

आधी जिथे दोन्ही भाषा तंतोतंत जुळतात ती जागा बघ. गडचांदूरच्या स्टँडवरून तू कितीदा जिवतीची एसटी पकडली असशील. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हण. मी स्टँडवर पोचले तेव्हा बस निघाली. मी पोचले तेव्हा बस निघत होती. मी पोचले तेव्हा बस निघाली होती. पहिल्यात तू पोचलीस आणि लगोलग बस हलली, चढायला मिळालं असेल. दुसऱ्यात ड्रायव्हरने गाडी सुरू केली आहे, धावलीस तर दार गाठशील. तिसऱ्यात स्टँड रिकामा आहे, आता पुढच्या गाडीची वाट बघायची.

फ्रेंच हे तीन भेद असेच करतं. ‘कां झ स्युइ झारिवे’, म्हणजे ‘मी पोचले तेव्हा’, हा भाग तिन्हींत तोच राहतो. पुढे ‘ल ब्यूस ए पार्ती’ म्हटलं तर बस तेव्हाच निघाली. हा पासे कोंपोझे, आपला साधा भूतकाळ. ‘ल ब्यूस पार्ते’ म्हटलं तर ती निघत होती. हा अँपार्फे, आपला अपूर्ण भूतकाळ. आणि ‘ल ब्यूस एते देजा पार्ती’ म्हटलं तर ती आधीच निघून गेली होती. हा प्ल्यु-क-पार्फे. बनवायची रीतही सोपी आहे. सहायक क्रियापद अँपार्फेमध्ये ठेवायचं, म्हणजे ‘एते’ किंवा ‘आवे’, आणि त्याला मुख्य क्रियापदाचं कृदंत जोडायचं. मराठीत कृदंत आधी आणि ‘होता’ नंतर येतो, फ्रेंचमध्ये सहायक आधी आणि कृदंत नंतर. ‘देजा’, म्हणजे ‘आधीच’, हा शब्द त्या दोघांच्या मध्ये बसतो. वाक्याच्या शेवटी ढकलू नकोस.

आता पहिला खड्डा. तू लिहिलं आहेस, ‘मी गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर माणिकगडावर गेले होते’, आणि फ्रेंचमध्येही ‘झेते आले’ केलंस. मराठी वाक्य चोख आहे, फ्रेंच चुकलं. आपण मराठीत ‘गेले होते’ म्हणतो ते नेहमी दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचं म्हणून नाही. ती गोष्ट होऊन गेली, आता तिचा आजशी संबंध नाही, मी परतही आले, एवढंच सांगायलाही आपण ‘होते’ जोडतो. ‘काल बाजारात गेले होते.’ ‘लहानपणी मला गोवर आला होता.’ ‘परवा तुझ्या बाबांचा फोन आला होता.’ यांतल्या एकाही वाक्यात दुसरी घटना नाही. फ्रेंच माणसाला ‘झेते आले’ ऐकून वाक्य अर्धंच वाटतं. माणिकगडावर गेली होतीस, बरं, मग पुढे काय झालं, असं तो वाट बघत राहतो. तिथे साधा पासे कोंपोझे हवा: ‘झ स्युइ झाले आ माणिकगड लाने देर्नियेर.’

म्हणून माझा कानमंत्र एवढाच आहे. प्ल्यु-क-पार्फे लिहायच्या आधी स्वतःला विचार, ‘कशाच्या आधी?’ उत्तरात भूतकाळातली एखादी घटना किंवा वेळ बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. बस कशाच्या आधी निघाली होती? मी पोचायच्या आधी. उत्तर मिळालं, लिही. माणिकगडावर कशाच्या आधी गेले होते? ‘आजच्या आधी’ हे उत्तर चालत नाही, कारण सगळाच भूतकाळ आजच्या आधीचा असतो. मग पासे कोंपोझे. ती दुसरी घटना त्याच वाक्यात असली पाहिजे असं मात्र नाही. चार ओळी वर असेल, किंवा बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात असेल. आई तुला म्हणते, ‘मी तुला सांगितलं होतं!’ फ्रेंच आईही तेच म्हणते, ‘झ त लावे दी!’ इथे दुसरी घटना उच्चारलेली नाही, पण दोघींना ती ठाऊक आहे: तू ऐकलं नाहीस आणि पावसात भिजलीस. सांगणं भिजण्याच्या आधीचं. प्रश्नाला उत्तर आहे.

दुसरा खड्डा पहिल्यापेक्षा खोल आहे, कारण वर्गात त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तुझ्या गोष्टीत कोलामगुड्यावरची एक म्हातारी आहे. तू लिहिलंस, ‘म्हातारी दारात बसली होती. तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. नातू बाजेवर झोपला होता.’ तीन वाक्यं, तिन्हींत ‘होती-होतं-होता’, आणि तिन्ही ठिकाणी तू प्ल्यु-क-पार्फे केलास. नीट डोळ्यांपुढे आण. तू तिथे गेलीस तेव्हा म्हातारी काय करत होती? बसलेलीच होती. बसण्याची क्रिया आधी झाली हे खरं, पण तुला सांगायची आहे ती त्या क्षणाची स्थिती. मराठीत बसणं, झोपणं, उभं राहणं, निजणं, नेसणं, घालणं, डोक्यावर घेणं या क्रिया संपल्या की मागे स्थिती उरते आणि ती स्थिती आपण पूर्ण भूतकाळानेच सांगतो. ‘बसत होती’ म्हटलं तर ती वाकून खाली टेकते आहे असं चित्र उभं राहतं.

फ्रेंच ही स्थिती अँपार्फेमध्ये सांगतं. ‘ला व्येय एते आसीझ दवां ला पोर्त’, म्हातारी दारापुढे बसलेली होती. लुगड्यासाठी ‘पोर्ते’, झोपलेल्या नातवासाठी ‘दोर्मे’. आता ‘एते आसीझ’च्या जागी ‘सेते आसीझ’ लिहिलंस तर अर्थ फिरतो. ‘सेते आसीझ’ म्हणजे ती बसण्याची क्रिया करून चुकली होती. ‘मी घरात शिरले तोवर म्हातारी पुन्हा जात्यापाशी जाऊन बसली होती’, असं काही सांगायचं असेल तर ते बरोबर. एका ‘स’चा फरक आहे.

ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘बसली होती’च्या जागी ‘बसलेली होती’ घालून बघ. अर्थ न बिघडता बसलं तर ती स्थिती, अँपार्फे वापर. ‘बस निघाली होती’च्या जागी ‘बस निघालेली होती’ घातलंस तर तेही व्याकरणात बसतं, हे मला माहीत आहे. म्हणून दुसरी खूण जोडीला ठेव: ‘आधीच’ किंवा ‘केव्हाच’ हा शब्द घाल. ‘बस केव्हाच निघाली होती’ हे सहज येतं, कारण मुद्दाच तो आहे. ‘म्हातारी केव्हाच दारात बसली होती’ म्हटलं की चित्र बदलतं, ती तुझी वाट बघत होती असं काहीतरी वाटू लागतं. तुला तसं म्हणायचं नव्हतं.

मराठीत पूर्ण भूतकाळ नसतानाही हीच चूक होते. तुझ्या गोष्टीच्या सुरुवातीला आपल्या लोकांचं येणं आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं गाव सोडून या पहाडावर आली. तू लिहिलंस, ‘ते आले तेव्हा इथे कोलाम आणि गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.’ मग तुला वाटलं, हे तर आधीपासूनचं आहे, म्हणजे प्ल्यु-क-पार्फे. नाही. ते राहणं आधी सुरू झालं, पण संपलं नव्हतं. आपली माणसं आली तेव्हाही ते राहतच होते, आणि आजही राहतात. प्ल्यु-क-पार्फेला क्रिया पुरी झालेली लागते, नुसती जुनी असून भागत नाही. इथे अँपार्फे: ‘ले कोलाम व्हिव्हे ला’, जोडीला ‘दप्युइ लोंतां’ घाल, म्हणजे ‘फार काळापासून’. याच परिच्छेदातल्या पुढच्या वाक्याचा दुसरा भाग मात्र खरा प्ल्यु-क-पार्फेचा आहे: ‘घरी पेरायला काही उरलं नव्हतं, त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता.’ पाऊस न होणं निघण्याच्या आधीचं आणि ते पुरतं होऊन गेलेलं.

आता ‘एते’ घ्यायचं की ‘आवे’, हा तुझा नेहमीचा प्रश्न. पुस्तकं एक यादी पाठ करायला देतात: जाणं, येणं, पोचणं, निघणं, चढणं, उतरणं, आत जाणं, बाहेर जाणं, जन्मणं, मरणं, पडणं, राहणं, परतणं. ही ‘एते’ घेतात, आणि स्वतःवर होणाऱ्या क्रियाही, वरच्या ‘सेते आसीझ’सारख्या. बाकी बहुतेक सगळी ‘आवे’. यादी पाठ कर, पण मराठीचा एक आधार जोडीला ठेव. वाक्य तृतीय पुरुषात म्हण आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का बघ. ‘त्याने पाहिलं होतं’, ‘तिने लिहिलं होतं’, ‘वाघाने मारलं होतं’. जिथे ‘ने’ आला तिथे जवळजवळ नेहमी ‘आवे’. ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून तृतीय पुरुषातच करून बघ.

याचा खरा उपयोग उतरण्या-चढण्याच्या जागी होतो, जिथे भले भले अडखळतात. ‘तो गाडीतून उतरला होता’ यात ‘ने’ नाही: ‘इल एते देसांद्यु’. ‘त्याने कापसाची पोती उतरवली होती’ यात ‘ने’ आला: ‘इल आवे देसांद्यु ले साक’. फ्रेंचमध्ये क्रियापद तेच, सहायक बदललं. मराठीने उतरणं आणि उतरवणं असे दोन शब्द केले आहेत म्हणून आपल्याला ते लगेच दिसतं.

उलटं मात्र गृहीत धरू नकोस. ‘ने’ नाही म्हणजे ‘एते’ असं होत नाही. तो जेवला, तो बोलला, तो झोपला, तो धावला, तो विसरला, यांत कुठेही ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये सगळी ‘आवे’वाली आहेत. ‘ने’ असेल तर ‘आवे’, नसेल तर यादीकडे जा.

कृदंताचं लिंग-वचनही यालाच धरून आहे. ‘एते’ असलं की कृदंत कर्त्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. बैल मेला होता, ‘ल बफ एते मोर’. गाय मेली होती, ‘ला वाश एते मोर्त’. शेवटचा ‘त’ ऐकू येतो बघ. ‘आवे’ असलं की कृदंत कर्त्याकडे बघत नाही. आपल्याकडेही ‘ने’ आला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं: सरपंचांनी चिठ्ठी लिहिली होती, सरपंचांनी अर्ज लिहिला होता. फरक असा की कर्माला ‘ला’ लागलेला नसेल तर मराठीत हे नेहमी होतं, फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. ‘ल सरपंच आवे एक्री ला लेत्र’, इथे पत्र नंतर आलं, म्हणून नुसतं ‘एक्री’. ‘ला लेत्र क ल सरपंच आवे एक्रित’, सरपंचांनी लिहिलेलं ते पत्र, इथे पत्र आधी आलं आणि फ्रेंचमध्ये ते स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘एक्रित’. कर्म आधी आलेलं असलं की लिहिणाऱ्याला ते काय आहे हे आधीच कळलेलं असतं, मागून येणार असलं तर अजून कळलेलं नसतं, असं धरलंस तर नियम डोक्यात राहील. सगळ्याच कृदंतांत हा फरक ऐकू येत नाही. ‘पार्ती’ दोन्हीकडे ‘पार्ती’च ऐकू येतं, स्त्रीलिंगी लिहिताना मागे एक मुका ‘इ’ जोडायचा. परीक्षेत मार्क जातात ते त्या मुक्या अक्षरापायीच.

आता तुझ्या काकांच्या बैलाची गोष्ट घेऊ. त्यात हे सगळं एकत्र येतं आणि घडल्या क्रमाने सांगणं व मागे जाऊन सांगणं यातला फरकही दिसतो. घडलं ते या क्रमाने: रात्री वाघाने बैल मारला. त्याला नाल्यापर्यंत ओढत नेलं. पहाटे काका गावात उतरले. त्यांनी सरपंचांना सांगितलं. वनरक्षक येईपर्यंत बैलाला कोणी हात लावला नाही, कारण पंचनामा व्हायच्या आधी मढं हलवलं तर भरपाईला अडचण येते. सकाळी वनरक्षक आला. त्याने पंजाचे ठसे मोजले, फोटो काढले आणि तो गेला.

याच क्रमाने सांगशील तर प्ल्यु-क-पार्फेची गरजच नाही. सगळं पासे कोंपोझेमध्ये एकामागून एक येईल, क्रम वाक्यांच्या मांडणीतूनच कळेल. पण तू गोष्ट सकाळपासून सुरू केलीस, आणि चांगलं केलंस, कारण वाचणाऱ्याला आधी मेलेला बैल दिसतो आणि मग तो कसा मेला हे कळतं. म्हणजे घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम वेगळे झाले. जिथे ते वेगळे होतात तिथे फ्रेंच तुझ्याकडे प्ल्यु-क-पार्फे मागतं.

‘ल मातँ, ल गार्द फोरेस्तिये ए तारिवे.’ सकाळी वनरक्षक आला. हा गोष्टीचा खुंटा, पासे कोंपोझे. ‘ल बफ एते एतांद्यु ओ बोर द्यु र्‍विसो.’ बैल नाल्याकाठी पडला होता. इथे ‘होता’ आहे, पण ‘पडलेला होता’ म्हणून बघ, सहज बसतं. स्थिती आहे, अँपार्फे. ‘ल तिग्र लावे त्युए पांदां ला न्वी ए लावे त्रेने झ्युस्क ला.’ वाघाने त्याला रात्री मारलं होतं आणि तिथवर ओढत नेलं होतं. कशाच्या आधी? वनरक्षक यायच्या आधी. इथून तू मागे गेलीस. ‘मोनोंक्ल एते देसांद्यु ओ विलाझ आ लोब ए आवे प्रेवन्यु ल सरपंच.’ काका पहाटेच गावात उतरले होते आणि त्यांनी सरपंचांना कळवलं होतं. उतरण्याला ‘एते’, कळवण्याला ‘आवे’. कर्ता एकच असला तरी सहायक बदललं की दोन्ही लिहावी लागतात. सहायक एकच असेल तर दुसऱ्यांदा गाळलंस तरी चालतं. ‘पेर्सोन नावे तूशे ला बेत.’ जनावराला कोणी हात लावला नव्हता.

इथे मराठी लिहिताना आपण एक सवलत घेतो. मागे गेल्यावर पहिल्या एक-दोन वाक्यांना ‘होतं’ जोडतो, मग साध्या भूतकाळात सरकतो: ‘वाघाने रात्री बैल मारला होता. नाल्यापर्यंत ओढत नेलं. काका पहाटे उठले, गावात गेले.’ मराठी वाचक गोंधळत नाही. फ्रेंचमध्ये असं मध्येच पासे कोंपोझेवर आलीस तर वाचक समजतो की गोष्ट पुन्हा सकाळी आली, आणि काका वनरक्षकानंतर उठले असा अर्थ होऊन बसतो. मागे गेलीस तर परत येईपर्यंत तोच काळ धरून ठेव.

परत येताना वाचकाला सांगून ये. ‘ल गार्द आ मझ्युरे ले त्रास, आ प्री दे फोतो, प्युइ इल ए रपार्ती.’ वनरक्षकाने ठसे मोजले, फोटो घेतले, मग तो गेला. मराठीत तू इथे ‘ठसे मोजून, फोटो काढून तो गेला’ असं लिहिलं होतंस. ‘मोजून’, ‘काढून’ यांत आधीपण आहे म्हणून तुला प्ल्यु-क-पार्फेचा मोह झाला. पण क्रम सरळ आहे, मागे जाणं नाही. एक तर अशी ओळीने वाक्यं कर, नाहीतर ‘आप्रे आवुआर’ने सुरुवात कर. ‘ऊन’ प्रत्ययाला ते उत्तर आहे.

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगायचं असतं तिथे मराठीची सवय फार घट्ट आहे. गुराख्याने वनरक्षकाला सांगितलं, ‘काल मी वाघ पाहिला.’ आपण घरी येऊन काय सांगतो? ‘तो म्हणाला की काल मी वाघ पाहिला.’ त्याचं वाक्य जसंच्या तसं, त्याचा काळ, त्याचा ‘मी’, त्याचा ‘काल’. फार तर ‘म्हणाला की त्याने वाघ पाहिला’ एवढंच बदलतो. काळ बदलायची मराठीला गरज नाही. फ्रेंचमध्ये तिन्ही बदलावे लागतात. ‘झे व्यु ल तिग्र इयेर’ हे त्याचं मूळ वाक्य. तू सांगतेस तेव्हा: ‘इल आ दी किल आवे व्यु ल तिग्र ला वेय.’ ‘मी’चा ‘तो’ झाला, पासे कोंपोझेचा प्ल्यु-क-पार्फे झाला आणि ‘काल’चा ‘आदल्या दिवशी’ झाला. इथे प्ल्यु-क-पार्फे का? ‘कशाच्या आधी’ विचार. त्याच्या बोलण्याच्या आधी. बोलणंही भूतकाळात गेलं, म्हणून पाहणं त्याच्याही मागे ढकललं जातं.

बाकीचे काळही असेच एक-एक पायरी मागे जातात. वनरक्षक म्हणाला, ‘वाघ परत येईल’. सांगताना ‘येईल’चं फ्रेंच ‘रव्यांद्रा’ जाऊन ‘रव्यांद्रे’ होतं. कोणी म्हणालं, ‘भीती वाटते’, तर ते अँपार्फे होतं. मुळातच अँपार्फे किंवा प्ल्यु-क-पार्फे असेल तर ते आणखी मागे जाऊ शकत नाहीत, तसेच राहतात. आणि सांगण्याचं क्रियापदच वर्तमानात असेल, ‘इल दी’, तो म्हणतो, तर काहीच हलवायचं नाही: ‘इल दी किल आ व्यु ल तिग्र.’

यातच आपल्या ‘म्हणे’चा प्रश्न येतो. पहाडावर अर्ध्या बातम्या ‘म्हणे’नेच फिरतात: ‘काल रात्री नाल्यावर वाघ आला होता म्हणे.’ ‘आला होता’ बघून हात प्ल्यु-क-पार्फेकडे जातो. पण हे ‘म्हणे’ आत्ताचं आहे, लोक आत्ता बोलताहेत. म्हणून ‘ओं दी कँ तिग्र ए वन्यु इयेर स्वार’, साधा पासे कोंपोझे. तीच अफवा आठवड्याने गोष्टीत लिहिशील, ‘तेव्हा लोक म्हणत होते’ अशी, तेव्हा ‘ओं दिझे’ येईल आणि वाघाचं येणं ‘एते वन्यु’ होईल, ‘इयेर स्वार’च्या जागी ‘ला वेय ओ स्वार’.

‘जर-तर’मध्येही हा काळ लागतो, ते थोडक्यात सांगून ठेवते. ‘वनरक्षक लवकर आला असता तर’ याला फ्रेंच ‘सी’नंतर प्ल्यु-क-पार्फेच घेतं: ‘सी ल गार्द एते तारिवे प्ल्यु तो’. मराठीत ‘होता’ नाही, ‘असता’ आहे, म्हणून ते सुचत नाही. तिथे ‘कशाच्या आधी’ हा प्रश्न लावू नकोस. ‘सी’ दिसला आणि भूतकाळातली न घडलेली गोष्ट असली की हा काळ. पुढचं ‘तर’चं अर्धं वाक्य वेगळं आहे, ते दुसऱ्या वेळी.

देल्फच्या बी-वन परीक्षेत लिहायला पाऊण तास मिळतो आणि किमान १६० शब्द लागतात. एवढ्या मजकुरात प्ल्यु-क-पार्फे दोन-तीन ठिकाणी आला तर पुष्कळ झाला. तो मुद्दाम पेरू नकोस. कच्चं लिहून झालं की पेन्सिल घे आणि प्रत्येक ‘आवे’ आणि ‘एते’खाली रेघ मार. मग एकेकापाशी थांबून तीन गोष्टी बघ: पुढे कृदंत आहे का, कशाच्या आधी ते सांगता येतं का, ‘लेली’ घालून ती स्थिती निघते का. पुढे कृदंत नसलेला ‘एते’ म्हणजे नुसता ‘होता’, त्याला सोडून दे. शेवटी ‘एते’वाल्या कृदंतांचा मुका ‘इ’ तपास, कर्ता स्त्रीलिंगी असेल तर.

वाचायला काम्यूची ‘लेत्रांझे’ घे. १९४२ ची ही कादंबरी जुन्या कादंबऱ्यांतल्या पासे सँप्लऐवजी पासे कोंपोझेमध्ये सांगितलेली आहे, त्यामुळे तुझ्या लिखाणाला ती जवळची पडेल. पहिलं प्रकरण घे, त्यातले प्ल्यु-क-पार्फे वहीत उतरवून काढ, आणि प्रत्येकापुढे मराठीत लिही की ते कशाच्या आधी. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. जिथे उत्तर सापडलं नाही त्या ओळींवर खूण करून ठेव, त्या आपण दोघी बसून बघू.